पाच रेपची चाचणी की दहाची? संघासाठी वन रेप मॅक्सचा अंदाज आणि कामाचं वजन

अठरा खेळाडू, सहा रॅक आणि तासाभराचा वेळ. प्रत्येकाचा खरा वन रेप मॅक्स, म्हणजे एकदाच उचलता येईल असं कमाल वजन, काढायला एवढ्यात जमत नाही. वाढत्या वजनाचे पाच-सहा सिंगल आणि प्रत्येकानंतर तीन ते पाच मिनिटं विश्रांती, यातच तास संपतो. शिवाय ज्यांचं स्क्वॉटचं तंत्र अजून पक्कं झालेलं नाही, त्यांच्या पाठीवर कमाल वजन ठेवण्यात अर्थ नाही. म्हणून हलक्या वजनावर जमतील तेवढे रेप मोजून अंदाज काढायचा. आता निवड उरते ती कोणत्या रेपवर चाचणी घ्यायची आणि कोणतं सूत्र वापरायचं, याची.

आधी सूत्रं पाहू, कारण वाद त्यांच्यावरच जास्त होतो. एपलीचं सूत्र: वजन × (१ + रेप ÷ ३०). ब्रझिकीचं: वजन × ३६ ÷ (३७ − रेप). उचललेल्या वजनाला कितीने गुणायचं ते असं:

| रेप | एपली | ब्रझिकी |
|---|---|---|
| ३ | १.१० | १.०६ |
| ५ | १.१७ | १.१३ |
| ८ | १.२७ | १.२४ |
| १० | १.३३ | १.३३ |
| १२ | १.४० | १.४४ |

दहा रेपच्या आत एपली जास्त आकडा देतं, दहाच्या पुढे ब्रझिकी. नेमकं दहावर दोन्ही जुळतात, म्हणून दहा रेपची चाचणी सर्वात भरवशाची असं अनेकांना वाटतं. पण दोन सूत्रं एकमेकांशी जुळली म्हणजे खेळाडूच्या शरीराशी जुळली, असं होत नाही. समजा दोघांचा खरा स्क्वॉट मॅक्स १०० किलो आहे. ८० किलोवर स्फोटक ताकदीचा एक जण ६ रेपला थांबेल, दमसास असलेला दुसरा ११ मारेल. ब्रझिकीने पहिल्याचा अंदाज ९३ येतो, दुसऱ्याचा १११. हेच दोघे ९० किलोवर ३ आणि ५ रेप करतील. तेव्हा अंदाज ९५ आणि १०१. रेप वाढत जातात तसा दमसासाचा वाटा वाढतो आणि ताकदीचं माप गढूळ होतं. कोणतंही सूत्र हा फरक भरून काढत नाही.

आमच्या मते निर्णयाचा खरा निकष असा: ज्या रेपमध्ये पुढचे आठवडे काम होणार आहे, त्याच्या जवळच्या रेपवर चाचणी घ्या. सेट पाच-पाचचे असतील तर चाचणी ४ ते ६ रेपची. मग सूत्राची चूक बरीचशी आपोआप निष्प्रभ होते. एका खेळाडूने १०० किलोवर ५ रेप केले असं धरू. ब्रझिकीने मॅक्स ११२.५, एपलीने ११६.५ च्या आसपास. ८० टक्क्यांवर काम द्यायचं तर एकाने ९० किलो, दुसऱ्याने ९३. तफावत फक्त एका लहान प्लेटची. पण दहा-बारा रेपच्या चाचणीवरून ९० टक्क्यांचे दोन-दोन रेप ठरवलेत, तर दमसासवाला बारखाली अडकेल आणि स्फोटक खेळाडूला काम हलकं पडेल. संघासाठी आम्ही ब्रझिकी घेतो. पाच रेपला ते कमी आकडा देतं आणि चुकायचंच असेल तर खालच्या बाजूला चुकलेलं बरं. एपलीचं आणखी एक दुखणं म्हणजे एकाच रेपलाही ते तीन टक्के वाढवून सांगतं.

दहा रेपच्या चाचणीचं स्थान मात्र आहे. नवखे खेळाडू, ज्यांचं काम पहिले काही आठवडे ८ ते १० रेपमध्येच होणार आहे, त्यांच्यासाठी तीच योग्य. फक्त तिच्यावरून जड सिंगल किंवा दुहेरीचं वजन काढू नका.

पाच रेपची चाचणी घेताना, पाच रेपला अंदाजे १०० किलो उचलणाऱ्या खेळाडूसाठी वॉर्म-अप असा: रिकामा बार १० रेप, ५० किलो ५, ७० किलो ३, ८५ किलो २. मग तीन मिनिटं विश्रांती आणि १०० किलोचा एकच मोजायचा सेट. सेफ्टी पिन खेळाडूच्या सर्वात खालच्या स्थितीच्या किंचित खाली लावा. ठरलेली खोली न गाठलेला रेप मोजायचा नाही, स्पॉटरचं बोट लागलेला तर नाहीच. सहा रेप झाले तरी वजन वाढवून पुन्हा चाचणी घेऊ नका. सहाचा आकडाच सूत्रात टाका. थकलेल्या पायांचा दुसरा सेट कमी रेप देतो आणि अंदाज बिघडवतो.

पॉवर क्लीनला हे गणित लावू नये. तिथे स्नायू थकण्याआधी तंत्र मोडतं, त्यामुळे रेपचा आकडा ताकदीबद्दल फारसं सांगत नाही. वजन लटकवून केलेल्या पुल-अपला लावता येतं, पण शरीराचं वजन धरून. ७० किलोच्या खेळाडूने १० किलो लटकवून ५ रेप केले तर ८० × ३६ ÷ ३२ = ९० किलो, म्हणजे एका रेपला २० किलो लटकवता येतील. नुसत्या १० किलोवर सूत्र चालवलं तर ११ येतं आणि सगळा सराव फुकट हलका होतो.

आता सत्राची मांडणी. पाच-पाचचे चार सेट, ८० टक्क्यांवर. ब्रझिकीनुसार या वजनावर साधारण आठ रेप निघतात, म्हणजे प्रत्येक सेटमध्ये तीनेक शिल्लक राहतात. टक्केवारीचा आकडा नेहमी खालच्या २.५ किलोला आणा. रॅकवरच्या तिघांची निवड मैदानावरच्या जागेनुसार न करता कामाच्या वजनानुसार करा. उदाहरणार्थ:

- पहिला: १०० × ५, अंदाज ११२.५, काम ९० किलो
- दुसरा: ९० × ५, अंदाज १०१, काम ८० किलो
- तिसरा: ८५ × ४, अंदाज ९२.५ च्या जवळ, काम ७२.५ किलो

२० किलोच्या बारवर दोन्ही बाजूंना २० आणि ५ ची प्लेट कायम ठेवायची. तिसऱ्यासाठी प्रत्येक बाजूला १.२५ जोडायची, दुसऱ्यासाठी तिच्या जागी ५, पहिल्यासाठी १०. प्रत्येक बदलात बाजूला एकच प्लेट हलते. सेट आणि प्लेटबदल मिळून मिनिटभर लागतो, त्यामुळे तिघांच्या फेरीत प्रत्येकाला दोनेक मिनिटं विश्रांती मिळते. चौथा खेळाडू घुसवला की विश्रांती वाढते, पण सत्र लांबतं. घाईत कॉलर लावायची राहते, तेव्हा तिघांपैकी एकाकडे फक्त तेवढंच काम सोपवा.

पहिल्या सेटनंतर प्रत्येकाला विचारा, अजून किती रेप झाले असते? उत्तर एक किंवा शून्य आलं तर पुढच्या सेटला ५ किलो उतरवा. झोप, कालचा सामना, काहीही कारण असू शकतं. पाच किंवा जास्त आलं तर २.५ किलो चढवा, त्याहून नाही, कारण नवखे खेळाडू हा अंदाज हमखास चुकवतात आणि तो थकव्याच्या जवळ गेल्यावरच नेमका होतो. एकाच खेळाडूचं उत्तर सलग दोन सत्रांत एकाच दिशेने आलं, तर त्याचा मॅक्सचा आकडा वहीत बदला. नवी चाचणी लावायची गरज नाही.