अपग्रेडची प्रतीक्षायादी आणि स्टँडबाय: काही महिन्यांच्या वापरानंतर

कामानिमित्त गेले काही महिने युनायटेड एअरलाइन्सने नेवार्क ते सॅन फ्रान्सिस्को सतत ये-जा केली आणि त्यांच्या प्रीमियर गोल्ड या सदस्य-दर्जावर पुढच्या, महागड्या वर्गातल्या फुकटच्या अपग्रेडची वाट पाहत राहिलो. ही रांग आधी नाव नोंदवणाऱ्याला आधी जागा देत नाही. क्रम आधी सदस्याच्या दर्जावर ठरतो, दर्जा सारखा असेल तर तिकिटाच्या भाडेवर्गावर, आणि विनंतीची वेळ अगदी शेवटी पाहिली जाते. शिवाय माइल्स किंवा प्लसपॉइंट्स, म्हणजे वरच्या दर्जाच्या सदस्यांना अपग्रेडसाठी मिळणारे गुण, लावून अपग्रेड मागणारे फुकटवाल्यांच्या पुढे असतात. प्लॅटिनमच्याही वरच्या वन-के दर्जाच्या सदस्यांसाठी जागा उड्डाणाच्या ९६ तास आधीपासून खुल्या होऊ शकतात, प्लॅटिनमसाठी ७२, गोल्डसाठी ४८ आणि सिल्व्हरसाठी २४ तास आधी. त्यामुळे आपली पाळी येईपर्यंत पुढच्या वर्गात काही उरले असेल, तरच आपला विचार होतो.

ॲपमधली यादी नीट वाचायला हवी. समजा, पुढच्या वर्गात २० जागा आहेत आणि चेक-इन १५ जणांनी केले आहे. म्हणून पाच जागा मोकळ्या आहेत असे नव्हे, कारण आणखी तिघांनी तिकीट काढून चेक-इन केलेले नसू शकते. तेव्हा खऱ्या जागा दोन, आणि यादीत तिसरा असलेला माणूस त्या तिघांपैकी कोणाचे जोडविमान चुकते का, यावर अवलंबून राहतो. एकाच आरक्षणावर दोघे असतील आणि जागा एकच उरली असेल, तर यंत्रणा त्या जोडीला ओलांडून पुढे जाऊ शकते. आरक्षण वेगळे केले तर सोबत्याला आपल्या दर्जाचा लाभ मिळत नाही, म्हणून ते एकत्रच ठेवून 'एकालाच दिली तरी चालेल' असे गेटवर आधी सांगणे मला बरे वाटते.

क्रमांक सुधारण्याचा खरा उपाय उड्डाणाची निवड हाच आहे. सोमवारी सकाळी निम्मे विमान दर्जाधारकांचे वाटते, शनिवारी दुपारी मात्र गोल्डलाही आशा असते. सर्वांत स्वस्त अशा बेसिक इकॉनॉमीच्या तिकिटावर तर ही वाटच बंद आहे. नेवार्क–मुंबईसारख्या लांब उड्डाणावर फुकट अपग्रेड मुळात नसते, तिथे माइल्स किंवा प्लसपॉइंट्सच लावावे लागतात. आपल्या मंडळींचा याबाबत हमखास गैरसमज असतो.

त्याच दिवसाच्या दुसऱ्या विमानासाठी स्टँडबायला, म्हणजे ऐनवेळी जागा उरली तर ती मिळावी म्हणून, नाव दिले, तरी मूळ विमानातली जागा नाव लागेपर्यंत शाबूत राहते, हा मोठा दिलासा. मात्र मूळ विमानात अपग्रेड मिळालेले असेल तर ते सोबत येत नाही. नव्या विमानात पुन्हा रांगेतच उभे राहावे लागते. म्हणून पुढची जागा हाती असताना केवळ तासभर लवकर पोहोचण्यासाठी मी विमान बदलत नाही. बदलायचेच असेल तर केवळ हातातले सामान घेऊन जावे आणि गेटजवळच थांबावे, कारण देशांतर्गत उड्डाणात सुटण्याच्या १५ मिनिटे आधी प्रवेश थांबतो आणि स्टँडबायची नावे बहुधा त्याच्या जरा आधीच पुकारली जातात.