निसर्ग मंडळाच्या वेबसाइटसाठी प्राचार्यांना दिलेलं पत्र: एक शैक्षणिक वर्ष वापरल्यानंतर

मोबाइल किंवा मिक्सरचा अनुभव लोक लिहितात, मी एका पत्राचा लिहितेय. नाशिकच्या आमच्या कॉलेजात निसर्ग मंडळाची सचिव म्हणून जुलैत प्राचार्यांना एक पत्र दिलं होतं. मंडळाची वेबसाइट सुरू करायला परवानगी द्यावी आणि खर्च मंजूर करावा, एवढाच त्याचा विषय. मंजुरी मिळाली आणि ऑगस्टमध्ये साइट सुरू झाली. आता मे उजाडलाय आणि सचिवपद पुढच्या मुलाकडे द्यायची वेळ आलीय. मधल्या काळात ते पत्र इतक्या वेळा फाइलीतून बाहेर निघालं, की त्यातली कुठली वाक्यं कामाची होती आणि कुठली नुसती जागा अडवून होती, हे आता नीट सांगता येईल.

आधी पत्रात काय होतं ते. मथळा नेहमीचाच: प्रति, मा. प्राचार्य, मार्फत, मंडळ समन्वयक. विषयाची ओळ मात्र आम्ही लांब ठेवली होती: ‘निसर्ग मंडळाच्या वेबसाइटसाठी परवानगी व दोन वर्षांच्या कमाल रु. १०,३८४ खर्चास मंजुरी मिळणेबाबत.’ रक्कम थेट विषयातच. समन्वयक मॅडमना हे आधी उद्धट वाटलं होतं. पण सरांच्या टेबलावर पत्रांची चळत असते. त्यांनी विषय वाचला, पान उलटून खर्चाचा तक्ता पाहिला आणि मग पहिल्या पानावर परत आले. आमच्या कच्च्या खर्ड्यात ‘आजच्या डिजिटल युगात’ने सुरू होणारा एक परिच्छेद होता, तो मॅडमनी आधीच लाल पेनाने उडवला होता. त्याची उणीव कुणालाच भासली नाही.

त्याच्या जागी गरज दोन वाक्यांत लिहिली. मंडळ दर हिवाळ्यात नांदूर मध्यमेश्वरला पक्षी मोजायला जातं, आणि त्या नोंदी कुणाच्या तरी वहीत नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर राहतात. ती व्यक्ती पास होऊन गेली की नोंदीही जातात. नांदूर मध्यमेश्वर पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आल्याचं २०२० मध्ये जाहीर झालं, महाराष्ट्रातली तशी ती पहिली जागा, हेही लिहिलं होतं. ते सरांना माहीत होतंच. पण पुढे नॅक मूल्यांकनाच्या कामासाठी आयक्यूएसी या कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाच्या मॅडमनी हेच दोन ओळींचं कारण जसंच्या तसं उचलून अहवालात घातलं.

आता खर्चाचा तक्ता. सगळ्या पत्रात सगळ्यात जास्त उपयोगी पडला तो हाच. होस्टिंगचे, म्हणजे साइट ज्या सर्व्हरवर ठेवायची त्याच्या भाड्याचे, भाव पहिल्या वर्षाला स्वस्त असतात आणि नूतनीकरणाला चढतात. आमच्या कोटेशनमध्ये पहिल्या वर्षाचे २,४०० रुपये होते आणि दुसऱ्या वर्षाचे ४,८००, म्हणजे सरळ दुप्पट. वर १८ टक्के जीएसटी. पहिल्या वर्षाला २,८३२ आणि दुसऱ्याला ५,६६४, मिळून ८,४९६. हा झाला पर्याय अ: कॉलेजच्याच डोमेनखाली उपडोमेन घ्यायचं, म्हणजे कॉलेजच्या वेब पत्त्याआधी मंडळाचं नाव जोडायचं, त्याला वेगळे पैसे नाहीत. पर्याय ब म्हणजे स्वतंत्र .in नाव. त्याचे पहिल्या वर्षी ७०० आणि दुसऱ्या वर्षी ९०० वाढतात, आणि कर धरून बेरीज १०,३८४ होते.

नुसतं पहिलं वर्ष दाखवलं असतं तर मंजुरी कदाचित लवकर मिळाली असती. पण तीन कोटेशन लावून तुलना केली तेव्हा एक गंमत दिसली: पहिल्या वर्षी सगळ्यात स्वस्त असलेली कंपनी दुसऱ्या वर्षी सगळ्यात महाग होती. अकाउंट्सच्या काकांनी सवयीने सगळ्यात कमी आकड्यावर बोट ठेवलं. तक्त्यात ‘नूतनीकरणाचा दर’ असा वेगळा रकाना असल्यामुळे वाद घालावा लागला नाही. कोटेशन मागताना हा दर लेखी मागा. संकेतस्थळावर मोठ्या अक्षरात असतो तो दर जवळजवळ नेहमी पहिल्या वर्षाचाच असतो.

सरांनी पर्याय अ निवडला. त्यांचा प्रश्न साधा होता: ‘कॉलेजचं नाव असताना वेगळं कशाला?’ मला मनातून .in हवं होतं, छोटं आणि सांगायला सोपं. वापरानंतरचं मत असं, की सरांचं बरोबर होतं. स्वतंत्र नावाचं नूतनीकरण हुकलं की साइट बंद पडते, आणि मुदत जास्त उलटली तर ते नाव दुसरं कुणीही घेऊ शकतं. मुलं दरवर्षी बदलतात अशा मंडळात हे घडायला फार काही लागत नाही. .ac.in नावं तर एर्नेट इंडियाकडून फक्त शिक्षणसंस्थांना मिळतात, मंडळाला स्वतःहून घेताच येत नाहीत. उपडोमेन मात्र कॉलेजच्या नावाबरोबर आपोआप जिवंत राहतं.

उपडोमेनचा तोटा जानेवारीत कळला. कॉलेजच्या साइटचं काम बाहेरची एक एजन्सी बघते. त्यांनी आमच्यासाठी अशी एक नोंद घातली होती (इथला पत्ता नमुन्याचा आहे):

```
nisarg   A   203.0.113.25
```

म्हणजे nisarg हे नाव टाकलं की या आकड्याच्या सर्व्हरवर जा. पुढे होस्टिंग कंपनीने सर्व्हर बदलला आणि आकडाही बदलला. आमचं नाव जुन्याच दारात उभं. लोकांना आमच्या पानाऐवजी कंपनीचं कोरं पान दिसायला लागलं, तेही ऐन पक्षीगणनेच्या आठवड्यात. असा बिघाड ओळखायची खूण सोपी आहे: कॉलेजची मुख्य साइट नीट उघडते, होस्टिंगच्या पॅनेलमध्येही सगळं जागेवर असतं, फक्त आपला पत्ता टाकला की भलतंच पान येतं. कंपनीने सर्व्हर बदलल्याचा मेल आधीच पाठवलेला असतो, तो शोधावा.

एजन्सीकडून एक ओळ बदलून घ्यायला आठवडा गेला, कारण त्यांना कॉलेजचं लेखी पत्र हवं होतं आणि सर बाहेरगावी होते. जुलैच्या पत्रात ‘उपडोमेनसंबंधी तांत्रिक बदल समन्वयकांच्या ईमेलवरून करण्यात यावेत’ एवढं एक वाक्य असतं तर काम त्याच दिवशी झालं असतं. पत्राबद्दलची माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच. एजन्सीने आता A ऐवजी CNAME नोंद घातली आहे. ती आकड्याकडे न पाहता कंपनीच्या सर्व्हरच्या नावाकडे पाहते, त्यामुळे ते नाव तेच राहिलं तर आकडा बदलून फरक पडत नाही. पण कंपनीच बदलली तर ओळ पुन्हा बदलावी लागेलच.

पैशाच्या बाबतीत पत्रातल्या एका वाक्याने आम्हाला तारलं: ‘बिल महाविद्यालयाच्या नावे घेतले जाईल; रक्कम समन्वयक प्रथम भरतील व मूळ बिलावर त्यांना प्रतिपूर्ती मिळावी.’ होस्टिंगचे पैसे ऑनलाइन भरायचे असतात, आणि आमच्याकडे कॉलेज चेक देतं किंवा एनईएफटी करतं. मॅडमनी स्वतःच्या कार्डाने भरले. खातं उघडताना बिलाच्या नावाच्या जागी कॉलेजचं पूर्ण नाव टाकलं होतं, म्हणून बिल पहिल्या फटक्यात पास झालं. दुसऱ्या एका मंडळाचं बिल विद्यार्थ्याच्या नावावर आलं होतं, ते अजून फिरतंय.

मंजुरीचा शेरा मात्र नीट वाचून घ्या. आमच्या पत्रावर ‘मान्य. नियमानुसार कार्यवाही करावी’ असं आलं. दोन वर्षांचा तक्ता मान्य झाला असं आम्ही धरून चाललो होतो. काकांनी समजावलं, की ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपतं आणि पुढच्या वर्षाचा पैसा पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकातूनच येतो. तरीही तक्ता वाया गेला नाही. दुसऱ्या वर्षाचे ५,६६४ काकांनी मंडळांच्या चालू खर्चात धरले, कारण आकडा आधीच त्यांच्या फाइलीत होता. ऑगस्टच्या नूतनीकरणासाठी आता नव्याने अर्ज लागेल, पण तो एका परिच्छेदाचा, जुन्या पत्राचा आवक क्रमांक संदर्भात टाकून. म्हणून पत्र देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि क्रमांक घेऊनच कार्यालयातून निघा.

मजकुराची जबाबदारी कुणाची, हा सरांचा दुसरा प्रश्न. त्याचं उत्तर पत्रात होतं: ‘समन्वयकांच्या मंजुरीशिवाय कोणताही मजकूर प्रसिद्ध होणार नाही.’ लिहायला सोपं, पाळायला कठीण वाटेल, पण साइट ज्यावर चालते त्या वर्डप्रेसमध्ये ही सोय आयती आहे. मुलांना Contributor केलं: लिहिता येतं, पण प्रसिद्ध करता येत नाही. मॅडम Editor. अडचण अशी, की Contributor ला फोटोही चढवता येत नाहीत, आणि पक्ष्यांच्या लेखाला फोटो नाही म्हणजे काहीच नाही. Author केलं तर फोटो चढतात, पण लेख थेट प्रसिद्धही करता येतो, म्हणजे पत्रातलं वचन मोडतं. आम्ही वचन पाळलं. फोटो मॅडमना मेल करायचे आणि त्या टाकणार. परीक्षेच्या दिवसांत लेख पंधरा-पंधरा दिवस अडकायचे, हे खरं. ज्युनियर कॉलेजची मुलं अठराच्या आतली असतात, त्यांच्या फोटोंसाठी पालकांची लेखी संमती घ्यायची, हीही अट आम्ही पत्रातच घातली होती. सरांनी फक्त त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली.

राहिला पासवर्ड. पत्रात म्हटलं होतं, की खातं कॉलेजने मंडळाला दिलेल्या ईमेलवर असेल आणि पासवर्ड सीलबंद पाकिटात कार्यालयात राहील. पाकीट राहिलंही, फडताळात, लाखेऐवजी सेलोटेप आणि वर कॉलेजचा गोल शिक्का. गेल्या आठवड्यात नव्या सचिवाला कार्यालयातल्या कॉम्प्युटरवर बसवून ते उघडलं. पासवर्ड बरोबर निघाला, आणि पुढच्याच पडद्यावर ओटीपी मागितला गेला, जो माझ्या मोबाइलवर आला. मी त्या दिवशी गावी असते तर पाकिटाचा काहीच उपयोग नव्हता. आता नंबर मॅडमचा आहे, आणि पाकिटात पासवर्डबरोबर बॅकअप कोडचा छापील कागदही आहे.

नव्या सचिवाच्या अर्जाचा खर्डा तयार आहे. नूतनीकरणाचे ५,६६४, तांत्रिक बदलांचा अधिकार समन्वयकांच्या ईमेलला, आणि मॅडम रजेवर असतील तेव्हा लेख मंजूर करायला दुसऱ्या एका प्राध्यापकांचं नाव. ती जागा अजून कोरी आहे, कारण दोघांना विचारलं आणि दोघंही ‘बघू’ म्हणालेत.