सुई, पावडर आणि अपील: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

व्हिडिओच्या ॲपवर मी नारळाच्या वाडीबद्दल शिकवतो. व्हिडिओवर बंधन आलं तर त्याविरुद्ध करायच्या अपीलची तिथली सोय वापरून आता आठ महिने झाले, म्हणून सविस्तर लिहितोय.

गेल्या जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि आमच्या गुहागरकडे गेंड्या भुंग्याचा त्रास वाढला. माडाच्या शेंड्यातून उभं येणारं न उघडलेलं पान, म्हणजे सुई, हा भुंगा पोखरतो. पुढे ते पान उघडलं की कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखं दिसतं. उपाय म्हणून शेंड्याजवळच्या आतल्या दोन-तीन पानांच्या बेचक्यांत पाव किलो निंबोळी पेंडीची पूड आणि तेवढीच वाळू मिसळून भरतात. पाडेल्याला माडावर चढवून मी हे सगळं दाखवलं आणि खाली वर्णनात लिहिलं: "सुई वाचवा! पावडर भरण्याची मात्रा आणि पद्धत."

दुसऱ्याच दिवशी व्हिडिओवर वयाचं बंधन आलं. सूचनेत कारण होतं अंमली पदार्थ. कुठला शब्द खटकला, ते कुठेच नव्हतं. मी व्हिडिओ तीनदा पाहिला, त्यात काही सापडेना. शेवटी वर्णनाचं भाषांतर करून पाहिलं तेव्हा लक्षात आलं: माड हा शब्द त्या ओळीत नव्हताच. सुई, पावडर, मात्रा एवढंच उरलं होतं.

अपील एकदाच करता येत होतं आणि रकाना छोटा होता. पहिला मसुदा रागात लिहिला होता, तो खोडला. पाठवलं ते असं:

"हा नारळाच्या झाडावरील किडीचा व्हिडिओ आहे. 'सुई' म्हणजे नारळाचं न उघडलेलं पान, ते १:१० ला दिसतं. 'पावडर' म्हणजे निंबोळी पेंड, तिचं पोतं २:०५ ला दिसतं. 'मात्रा' प्रति झाड आहे. व्हिडिओत कोणताही अंमली पदार्थ नाही."

वर्णन मात्र निकाल लागेपर्यंत बदललं नाही. तपासणाऱ्याला जी ओळ खटकली, तीच समोर असायला हवी, असं मला वाटलं. चौथ्या दिवशी बंधन उठलं. उत्तर एका ओळीचं होतं, चूक कशी झाली ते त्यात नव्हतं. पण ते चार दिवस भुंग्याच्या ऐन हंगामातले होते. शेजारच्या वाडीतल्या काकांनी तरण्या माडांसाठी व्हिडिओ मागितला, तो त्यांच्या नातवाच्या फोनवर उघडेना. मग मी स्वतः जाऊन पेंड भरून दिली.

नोव्हेंबरमध्ये कीटकनाशक मिसळण्याचा व्हिडिओ अडकला. तेव्हाही हातमोजे आणि मास्क कुठे दिसतात त्या वेळा लिहून अपील केलं, पण ते नाकारलं गेलं, कारण न सांगता. माझा अंदाज असा की अडचण वर्णनातल्या शब्दाची असेल तर अपील चालतं. दृश्यच खटकलं असेल तर नुसत्या खुलाशाने भागत नाही.

आता पहिल्याच ओळीत "नारळाच्या झाडाची सुई" असं पूर्ण लिहितो, आणि "पावडर"च्या जागी "निंबोळी पेंड". जुन्या सहा व्हिडिओंची वर्णनंही तशीच बदलली. त्यांतला एकही अजून अडकलेला नाही.