तीन वाईट दिवसांवर उभा असलेला आकडा: हिस्टॉरिकल सिम्युलेशनच्या व्हीएआरचा काही महिन्यांचा अनुभव

जून २०२५च्या पूर्वार्धात माझ्या शीटमधील ९९ टक्के पातळीचा एक दिवसाचा व्हीएआर, म्हणजे शंभरातील नव्याण्णव दिवशी नुकसान ज्याच्या आत राहावे ती मर्यादा, २.४१ टक्क्यांवरून थेट १.९९ टक्क्यांवर आला आणि त्याच्या शेजारच्या रकान्यातील एक्सपेक्टेड शॉर्टफॉल, म्हणजे त्या मर्यादेपलीकडच्या दिवसांची सरासरी घसरण, ४.२० वरून २.७९ वर घसरला. बाजारात त्यासाठी काहीही घडावे लागले नाही. ४ जून २०२४ हा एक दिवस गणनेत धरलेल्या मागील २५० दिवसांच्या विंडोमधून बाहेर पडला, एवढेच घडले. ज्या सशुल्क सेवेकडून मी हेच आकडे घेत होतो, तिच्या अहवालात त्या दिवशी ‘जोखीम कमी झाली’ असे हिरव्या अक्षरांत आले. तेव्हाच या पद्धतीबद्दल सविस्तर लिहायचे ठरवले.

माझा वापर साधा आहे. निफ्टी ५०च्या ईटीएफचे सुमारे दहा लाख रुपयांचे युनिट कर्जासाठी तारण ठेवलेले आहेत आणि तारणाची किंमत घसरली तर भरण्यासाठी किती रोकड बाजूला ठेवावी, एवढे मला ठरवायचे असते. हिस्टॉरिकल सिम्युलेशनची पद्धत बहुतेकांना माहीत असेल: मागील २५० दिवसांचे दैनिक परतावे घ्यायचे, सर्वांत वाईटापासून क्रमाने लावायचे आणि खालून एक टक्क्याच्या जागी जो परतावा येईल त्याला व्हीएआर म्हणायचे. ब्रोकरच्या पडद्यावर दिसणारे व्हीएआर मार्जिन हे नव्हे. ते चढउताराच्या अंदाजाला ठरावीक पटीने गुणून काढले जाते. हिस्टॉरिकल सिम्युलेशनमध्ये असा कोणताही अंदाज नसतो, परतावे सामान्य वितरणाचे आहेत असे गृहीत धरावे लागत नाही, आणि सुरुवातीला मला ती आवडली ती याच कारणाने.

तक्रार सुरू झाली ती २५०च्या एक टक्क्यावरून. २५०चा एक टक्का म्हणजे अडीच, आणि अडीचावा दिवस नावाचा दिवस अस्तित्वात नसतो. मे २०२५च्या अखेरीस विंडोमधील सर्वांत वाईट चार दिवस असे होते: ४ जून २०२४ रोजी, लोकसभेच्या मतमोजणीच्या दिवशी, ५.९३ टक्के घसरण. ७ एप्रिल २०२५ रोजी ३.२४, ५ ऑगस्ट २०२४ रोजी २.६८, आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी २.१२. आता याच परताव्यांवर एक्सेलची ही दोन सूत्रे चालवून पाहावीत:

```
=PERCENTILE.INC(C2:C251,0.01)
=PERCENTILE.EXC(C2:C251,0.01)
```

पहिले सूत्र तिसऱ्या आणि चौथ्या दिवसाच्या मधली जागा धरते आणि उणे २.४१ टक्के देते. दुसरे सूत्र दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवसाच्या मधली जागा धरते आणि उणे २.९५ टक्के देते. दहा लाखांवर हा फरक चोवीस हजार आणि साडेएकोणतीस हजार रुपयांचा आहे. एकच माहिती, एकच पातळी, एकच विंडो, आणि तरीही साडेपाच हजारांचे अंतर. माझा आकडा पहिल्या सूत्राचा होता, सेवेचा दुसऱ्या सूत्राशी जुळत होता. हे उघड होण्यासाठी मला तीन वेळा पत्रव्यवहार करावा लागला आणि दर वेळी ‘आमची गणनपद्धती गोपनीय आहे’ असेच उत्तर आले. क्रमाने लावलेल्या परताव्यांमधून कितवा निवडायचा, यात गोपनीय ठेवण्यासारखे काही नाही. कोणताही व्हीएआर विकत घेण्याआधी ग्राहकाने विचारायचा पहिला प्रश्न हाच आहे, आणि त्याचे उत्तर अहवालाच्या पहिल्या पानावर छापलेले असायला हवे. ज्या विंडोमध्ये शेपटीतले, म्हणजे सर्वांत वाईट घसरणीचे, दिवस एकमेकांच्या जवळ असतात, तिथे हा फरक दिसतही नाही. ३ जून २०२४च्या संध्याकाळी विंडोमधले दुसरे, तिसरे आणि चौथे वाईट दिवस १.५५, १.५४ आणि १.५१ टक्के घसरणीचे होते. त्या दिवशी दोन्ही सूत्रांचे उत्तर सुमारे दीड टक्काच आले असते. शेपूट विरळ झाली की सूत्राची निवड पैशांत मोजावी लागते, आणि मोठ्या घसरणीनंतर शेपूट विरळच असते.

या वादातून मी एक्सपेक्टेड शॉर्टफॉलकडे वळलो. व्हीएआर ही फक्त एक रेषा आहे; तिच्या पलीकडे नुकसान किती खोल आहे, हे ती सांगत नाही. वरच्या यादीत मतमोजणीच्या दिवसाची घसरण ५.९३ऐवजी, २३ मार्च २०२० रोजी झाली तशी, १२.९८ टक्के असती असे समजू. पहिल्या सूत्राचा व्हीएआर २.४१ टक्केच राहील, कारण तो तिसऱ्या आणि चौथ्या दिवसाकडे पाहतो आणि सर्वांत वाईट दिवस किती वाईट आहे याच्याशी त्याला देणेघेणे नसते. एक्सपेक्टेड शॉर्टफॉल मात्र शेपटीतील सर्व दिवसांची सरासरी असते. ९९ टक्के पातळीवर ती अडीच दिवसांची सरासरी आहे, म्हणून तिसऱ्या दिवसाला अर्धे वजन द्यायचे:

```
=(SMALL(C2:C251,1)+SMALL(C2:C251,2)+0.5*SMALL(C2:C251,3))/2.5
```

प्रत्यक्ष आकड्यांवर याचे उत्तर उणे ४.२० टक्के आणि १२.९८च्या कल्पित घसरणीवर उणे ७.०२ टक्के येते. ज्याला रोकड बाजूला ठेवायची आहे त्याच्या कामाचा आकडा हाच आहे. व्हीएआरच्या खालचे परतावे गाळून त्यांची सरासरी काढण्याचा सोपा मार्ग अनेक जण वापरतात, पण त्यात वरच्याच सूत्राची भानगड पुन्हा शिरते: पहिल्या सूत्राच्या व्हीएआरखाली तीन दिवस येतात आणि सरासरी ३.९५ होते, दुसऱ्याच्या खाली दोनच येतात आणि ती ४.५९ वर जाते. अपूर्णांकाचे वजन हाताने देणे हाच त्यावरचा स्वच्छ उपाय आहे.

इथपर्यंत लिहिले असते तर हा लेख एक्सपेक्टेड शॉर्टफॉलची शिफारस करून थांबला असता. जूनमधील घसरलेल्या आकड्यांनी ते मत बदलले. मतमोजणीचा दिवस विंडोबाहेर गेला तेव्हा व्हीएआर सुमारे सतरा टक्क्यांनी कमी झाला, तर एक्सपेक्टेड शॉर्टफॉल जवळजवळ एक तृतीयांशाने. कारण उघड आहे: जो आकडा सर्वांत वाईट दिवसाची खोली मोजतो, तो त्या दिवसाच्या जाण्यानेही तेवढाच हलतो. एक दिवस विंडोमध्ये आहे तोवर त्याला पूर्ण वजन आणि दुसऱ्या सकाळी शून्य वजन, हा समान वजनाच्या विंडोचा दोष दोन्ही मापांना लागू आहे; एक्सपेक्टेड शॉर्टफॉलमध्ये तो अधिक ठळक होतो. शिवाय विंडोमध्ये न घडलेले दोघांनाही दिसत नाही. ३ जून २०२४च्या संध्याकाळी व्हीएआर १.५३ टक्के होता आणि एक्सपेक्टेड शॉर्टफॉल १.७६ टक्के. दुसऱ्या दिवशी घसरण ५.९३ टक्क्यांची झाली. शेपटीची सरासरी काढायची, पण शेपूटच आखूड असेल, तर सरासरीने काय साधणार?

बँकांच्या बाजार-जोखमीसाठी बासल समितीने, म्हणजे बँकांचे आंतरराष्ट्रीय नियम ठरवणाऱ्या समितीने, ९९ टक्क्यांच्या व्हीएआरऐवजी ९७.५ टक्क्यांचा एक्सपेक्टेड शॉर्टफॉल स्वीकारला, त्यात पातळी खाली आणण्याचे कारण मला या गणितानंतर नीट कळले. सामान्य वितरणात हे दोन आकडे जवळपास सारखे येतात, अनुक्रमे प्रमाण विचलनाच्या २.३३ आणि २.३४ पट, म्हणून निव्वळ माप बदलल्याने शांत शेपटीची भांडवली गरज फारशी बदलत नाही, जाड शेपटीची वाढते. माझ्यासारख्याला त्यातला दुसरा फायदा अधिक मोलाचा वाटतो: २५० दिवसांवर ही सरासरी अडीचऐवजी सव्वासहा दिवसांची होते. मे २०२५च्या विंडोवर ती २.८५ टक्के येते आणि मतमोजणीचा दिवस गेल्यावर २.१५, म्हणजे घट एक तृतीयांशाऐवजी एक चतुर्थांशाची. दोष उरतो, पण त्याची धार बोथट होते.

पूर्ण इलाज विंडो गोठवण्यात आहे, आणि बासलच्या नियमातही गणना तणावाच्या बारा महिन्यांच्या काळावर बसवलेली असते. मी २०२० सालचे २५० दिवस शीटच्या दुसऱ्या पानावर कायमचे ठेवले आहेत. तिथले सर्वांत वाईट सहा दिवस १२.९८, ८.३०, ७.६१, ५.७४, ५.५६ आणि ४.९० टक्के घसरणीचे आहेत, सातवा ४.३८ टक्क्यांचा. सातव्याला पाव वजन देऊन ९७.५ टक्क्यांचा एक्सपेक्टेड शॉर्टफॉल ७.३९ टक्के येतो, म्हणजे दहा लाखांवर सुमारे चौऱ्याहत्तर हजार रुपये. चालू विंडोच्या आकड्यापेक्षा तो तिपटीहून अधिक आहे. एवढी रक्कम बचत खात्यात पडून राहणे मला खटकते, पण रोकड आता याच आकड्यावरून ठेवतो आणि चालू विंडोचा आकडा त्याच्या शेजारी फक्त तुलनेसाठी असतो. सशुल्क सेवेत गोठवलेल्या विंडोची सोय नव्हती, म्हणून तिचे नूतनीकरण केले नाही. हे सगळे मोफत शीटमध्ये होते आणि सूत्र डोळ्यांसमोर असते.

दोन मर्यादा मात्र या शीटनेही सुटत नाहीत. पहिली, हा आकडा एका दिवसाचा आहे. ११ मार्च २०२०च्या बंद भावापासून २३ मार्चच्या बंद भावापर्यंत आठ व्यवहार-दिवसांत निफ्टी १०,४५८ वरून ७,६१० वर, म्हणजे सुमारे २७ टक्के खाली आला. ७.३९ला आठच्या वर्गमुळाने गुणण्याची रूढ युक्ती केली तर सुमारे २१ टक्केच हाती येतात, कारण ती युक्ती प्रत्येक दिवस आदल्या दिवसापासून स्वतंत्र मानते. दुसरी मर्यादा बंद भावाची. १३ मार्च २०२०च्या सकाळी निफ्टी दहा टक्के कोसळला, लोअर सर्किट लागून व्यवहार पंचेचाळीस मिनिटे थांबले, आणि दिवसाअखेर तो आदल्या दिवसापेक्षा ३.८१ टक्के वर बंद झाला. दैनिक परताव्यांच्या रकान्यात तो दिवस नफ्याचा म्हणून नोंदलेला आहे, आणि कोणत्याही शेपटीत तो येत नाही. कर्ज देणारी संस्था तारणाची किंमत दिवसभरात कधीही तपासत असेल, तर त्यासाठी बंद भावाऐवजी आदल्या दिवसाच्या बंद भावापासून त्या दिवसाच्या नीचांकापर्यंतची घसरण रकान्यात भरावी लागते; तो तिसरा रकाना मी सध्या भरतो आहे.