महिन्याला दीड दिवस, मग १२ ऑक्टोबरला शिल्लक किती?

एक लिपिक ११ फेब्रुवारी २०२५ रोजी रुजू झाली असे धरू. नेमणूकपत्रात रजेबद्दल एकच ओळ आहे: दरमहा दीड दिवस अर्जित रजा. तिने एकही रजा घेतलेली नाही आणि १२ ऑक्टोबर हा तिचा नोकरीतला शेवटचा दिवस. तिच्या खात्यावर साडेदहा दिवस आहेत, असे एक जण सांगेल; दुसरा बारा म्हणेल, आणि दोघांचीही आकडेमोड चुकलेली नसेल. 'महिना' कशाला म्हणायचे, हेच त्या ओळीत ठरलेले नाही. छोट्या संस्थेने रजेचे नियम लिहिताना आधी हे ठरवायला हवे.

पहिल्या पद्धतीत पूर्ण भरलेला कॅलेंडर महिनाच मोजतात. फेब्रुवारी अर्धवट, ऑक्टोबर अर्धवट, म्हणून दोन्ही सोडून मार्च ते सप्टेंबर हे सात महिने धरायचे. दुसऱ्या पद्धतीत महिना रुजू तारखेपासून चालतो: ११ तारखेला सुरू, पुढच्या १० तारखेला पूर्ण. तिसरीत अर्धवट महिन्याचेही दिवसांच्या प्रमाणात श्रेय मिळते, म्हणजे फेब्रुवारीचे २८ पैकी १८ दिवस.

| शेवटचा दिवस | कॅलेंडर महिना | रुजू तारखेपासून | दिवसांच्या प्रमाणात |
|---|---|---|---|
| ३० सप्टेंबर | १०.५ | १०.५ | ११.४६ |
| १२ ऑक्टोबर | १०.५ | १२ | १२.०४ |
| ३१ ऑक्टोबर | १२ | १२ | १२.९६ |

कॅलेंडर महिन्याची पद्धत वहीत हाताने हिशेब ठेवणाऱ्यांना सोपी जाते, कारण सगळ्यांची रजा एकाच दिवशी जमा होते. पण २ तारखेला रुजू झालेल्याचा जवळजवळ अख्खा महिना त्यात कायमचा बुडतो. तारीख कार्यालयाने ठरवलेली असताना हे नुकसान कर्मचाऱ्याने का सोसावे? दिवसांच्या प्रमाणातली पद्धत सर्वांत न्याय्य, पण ०.०४ दिवसाची रजा कुणाला देता येत नाही. पूर्णांकाचा वेगळा नियम करावा लागतो आणि वाद तिथेच होतात. संगणकावर हिशेब असेल तर मी रुजू तारखेपासूनचा महिना धरायला सांगेन. त्यात सुरुवातीचे काही बुडत नाही, बुडालाच तर शेवटचा अपुरा तुकडा, आणि आकडा नेहमी दीडच्या पटीत राहतो.

ही पद्धत एक्सेलमध्ये मांडताना एक चूक हमखास होते. A2 मध्ये रुजू तारीख आणि B2 मध्ये शेवटचा दिवस असेल, तर सूत्र असे हवे:

```
=DATEDIF(A2,B2+1,"m")*1.5
```

ती `+1` विसरली की १० ऑक्टोबरला सातच महिने दिसतात. आठवा महिना १० तारखेचे काम संपल्यावर भरतो, पण सूत्र शेवटचा दिवस धरतच नाही. महिना भरतो नेमक्या त्याच तारखेला सोडणाऱ्याचा दीड दिवस असा जातो. तपासायला सोपे आहे: १ जानेवारी ते ३१ जानेवारी घालून पाहा. उत्तर शून्य आले, तर सूत्र चुकले.

सरकारी नोकरीत गोष्ट वेगळी. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ प्रमाणे अर्जित रजा दर १ जानेवारीला आणि १ जुलैला पंधरा-पंधरा दिवस आगाऊ जमा होते. नव्याने आलेल्याला, आणि नोकरी सोडणाऱ्यालाही, त्या सहामाहीत भरलेल्या प्रत्येक कॅलेंडर महिन्याला अडीच दिवस मिळतात. अपूर्णांक जवळच्या पूर्ण दिवसात बदलतात. आपली लिपिक तिथे असती, तर जूनपर्यंतच्या चार महिन्यांचे दहा आणि १ जुलैचे पंधरा मिळून खात्यावर पंचवीस दिवस दिसले असते.

मात्र हे पंचवीस सगळे कमावलेले नाहीत. तिने १२ ऑक्टोबरला राजीनामा दिला, तर जुलै ते सप्टेंबर हे तीनच महिने भरतात. त्यांचे साडेसात, म्हणजे आठ दिवस. एकूण हक्क अठरा. त्याआधी तिने बावीस दिवस रजा घेतलेली असेल, तर जास्तीच्या चार दिवसांचे रजा वेतन परत द्यावे लागते. म्हणून सेवापुस्तकातल्या रजेच्या हिशेबाचा आकडा पाहून राजीनाम्याआधी लांब रजा टाकू नये. चालू सहामाहीचे भरलेले महिने मोजून मगच अर्ज करावा. राजीनामा ३१ ऑक्टोबरपर्यंत पुढे ढकलला, तर चार महिने भरून दहा दिवस मिळतात आणि हक्क वीस होतो. तेव्हा परतफेड दोनच दिवसांची उरते.