जिम सोडलं, हप्ता सुटेना

जानेवारीत जिम लावलं, महिना १,४९९ रुपये. काउंटरवरच्या मुलाने माझ्याकडून डेबिट कार्डाचा नंबर भरून घेतला, ओटीपी विचारला आणि म्हणाला, "झालं मॅडम, आता दर पाच तारखेला आपोआप कटेल." एप्रिलमध्ये गुडघा दुखायला लागल्यावर मेल करून मेंबरशिप बंद केली. ती रद्द झाल्याचं उत्तरही आलं. तरी पाच मेला पैसे गेलेच.

फोन केला तर "सिस्टीममध्ये अपडेट होतंय." मी शहाणपणा करून कार्डच ब्लॉक केलं, नवीन मागवलं. जूनमध्ये पुन्हा कपात! बँकेतल्या बाईंनी समजावलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला: कार्ड फक्त माझी ओळख पटवायला वापरलं होतं. ई-नॅच मॅन्डेट, म्हणजे आपोआप पैसे कापायला दिलेली परवानगी, खात्यावर असतं, कार्ड बदलून त्याला काहीच होत नाही. खात्यात पैसेच ठेवू नका, असा सल्ला दिराने दिला होता. बरं झालं ऐकला नाही. हप्ता परत गेला की बँक वर दंड लावते.

मग मी अर्ज दिला: "जुलैचा हप्ता थांबवावा." बँकेने तेवढंच केलं. जुलै सुटला, ऑगस्टला कात्री लागली. चूक माझ्या वाक्यात होती.

दुसऱ्या अर्जाआधी नेट बँकिंगमध्ये मॅन्डेटची यादी उघडली. तिथे जिमचं नावच नव्हतं, वसुली करणाऱ्या कंपनीचं होतं. पासबुकातही "ACH D-" पुढे तेच नाव. शेजारी वीस अक्षरी यूएमआरएन, म्हणजे त्या मॅन्डेटचा क्रमांक. कमाल रक्कम ५,००० आणि मुदत "रद्द करेपर्यंत". हे मी ओटीपी देताना वाचलंच नव्हतं!

मग लिहिलं:

"माझ्या खात्यावरील वरील यूएमआरएनचे मॅन्डेट कायमचे रद्द करावे. केवळ एखादा हप्ता थांबवू नये. व्यापाऱ्याने सदस्यत्व रद्द केल्याचा मेल सोबत जोडला आहे. त्यानंतर मे, जून व ऑगस्टमध्ये झालेल्या कपातींबाबत माझी तक्रार नोंदवून क्रमांक द्यावा."

दोन प्रती नेल्या. माझ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय काउंटर सोडला नाही. चार दिवसांनी यादीत त्या ओळीपुढे "Cancelled" दिसलं.

गेलेल्या ४,४९७ रुपयांवर बँकेने हात वर केले: मॅन्डेट तेव्हा चालू होतं, पैसे व्यापाऱ्याकडून मागा. त्या उत्तरावर समाधान झालं नाही, म्हणून तक्रार रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर टाकली आहे. बँकेकडून उत्तर आलंच नसतं तर आधी तीस दिवस थांबावं लागलं असतं. जिमलाही लेखी मागणी धाडली. त्यांनी दोन हप्ते परत केले; मेचा अजून "प्रोसेसमध्ये" आहे.

आणि हो, क्लास किंवा कोर्सची फी हप्त्यांवर असेल तर त्यामागे कुणाचं कर्ज तर नाही ना, हे आधी बघा. मॅन्डेट रद्द केल्याने कर्ज फिटत नाही.