आठच मोठ्या कंपन्या टार्गेट असतील तर आधी अ‍ॅड की आधी फोन?

यादीत आठ-दहाच मोठ्या कंपन्या असल्या की दोन रस्ते दिसतात. एक, महिनाभर लिंक्डइनवर अ‍ॅड चालवायच्या, कुठल्या कंपनीत हालचाल दिसते ते बघायचं आणि मग सेल्सने तिथे फोन लावायचा. दुसरा, सेल्सने आधी माणसं गाठायची आणि जिथे बोलणं सुरू झालंय तिथल्या प्रश्नावर मग अ‍ॅड करायची. मी दोन्ही करून बघितलंय, एवढ्या छोट्या यादीला मला दुसराच पटतो.

पहिल्याचा फायदा आहेच, फोन जातो तेव्हा नाव कानावरून गेलेलं असतं. पण गाडी अडते ती आकड्यावर. लिंक्डइनवर कॅम्पेन चालायला ऑडियन्स किमान 300 जणांचा लागतो. आठ कंपन्यांतले फक्त फायनान्सचे वरचे लोक घेतले आणि सत्तर-ऐंशीच निघाले तर कॅम्पेन चालतच नाही, मग आपण मॅनेजर घेतो, मग ज्युनियर घेतो आणि पैसे ज्यांच्या हातात निर्णयच नाही त्यांच्यावर जातात. वर रिपोर्टमध्ये कंपनीचं नाव दिसतं, क्लिक नेमकं कोणी केलं ते नाही. शंभर कंपन्यांतल्या दहा वर आल्या तर त्यातून काहीतरी कळतं, आठातली एक वर आली तर ते एकाच माणसाचे दोन क्लिकही असू शकतात.

दुसऱ्या रस्त्याचं उदाहरण सांगतो. आम्ही गोदामाचं सॉफ्टवेअर विकत होतो, एका ऑपरेशन्स हेडशी दोन कॉल झाले, त्यांना ते हवं होतं पण म्हणाले, "आमच्या आयटीला जुना डेटा कसा हलवणार याचीच धास्ती आहे." मग आम्ही अ‍ॅड बदलली, आठही कंपन्यांच्या आयटी आणि ऑपरेशन्सच्या लोकांना, म्हणजे 300 च्या वर ऑडियन्स झाला, डेटा कोणत्या टप्प्यांनी हलतो एवढंच दाखवलं, आणि त्याच आठवड्यात सेल्सने आयटी हेडना त्याच विषयावर मेल टाकला. तिसऱ्या कॉलला त्या कंपनीचे आयटी हेड स्वतः बसले आणि पहिला प्रश्न डेटाचाच. ते अ‍ॅडमुळेच आले असं मी म्हणणार नाही, पण अ‍ॅड, मेल आणि कॉल तिन्ही एकच गोष्ट बोलत होते.

यात फसतं ते थांबवण्यात. आमचं मेल टूल उत्तर आलं की फक्त त्याच माणसाचे पुढचे मेल थांबवायचं. एका फायनान्स हेडने "पुढच्या तिमाहीत बोलू" लिहिलं आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्या दोन सहकाऱ्यांना आमचा तिसरा मेल गेला, त्यांना ते अजिबात आवडलं नाही. तेव्हापासून प्रत्येक कंपनीची जबाबदारी आमच्यातल्या एकाच माणसाकडे, आणि कोणाचंही उत्तर आलं की त्याने त्याच दिवशी त्या कंपनीचे सगळे मेल बंद करायचे.

यादी शंभराच्या पुढे असेल, किंवा फोन करायला माणसंच नसतील, तर पहिला रस्ता घ्या. कुठलाही घेतलात तरी कॅम्पेनमधलं ऑडियन्स एक्स्पान्शन बंद आहे ना ते आधी बघा, नाहीतर यादीबाहेरच्या कंपन्यांनाही अ‍ॅड दिसत राहते.